चकाकणाऱ्या सफरचंदावरचं मेण नक्की कशाचं?

*“माझी मुलगी अडीच वर्षांची आहे, तिला रोज अर्धं सफरचंद देते. मागच्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सुरीने सफरचंद खरवडलं की पांढरा भुगा निघतो, हे मेणबत्तीचं मेण असतं आणि ते आतड्याला चिकटून बसतं, असं त्यात सांगितलं होतं. मी घरातलं फळ खरवडून पाहिलं, तसाच भुगा निघाला! तेव्हापासून उकळतं पाणी ओतते आणि मग साल काढून देते. नवरा म्हणतो, उगाच घाबरतेस. त्यात आमचं घर जैन. आजेसासूबाई मधसुद्धा खात नाहीत, त्या विचारतात हे मेण नक्की कशाचं? सफरचंद बंद करू का? की न चकाकणारी, साधी दिसणारीच आणू?”*
*— सांगली जिल्ह्यातील एक वाचक*

ताई, सफरचंद बंद करू नका. उकळतं पाणी ओतणं मात्र आजपासून थांबवा. आजेसासूबाईंचा प्रश्न तुमच्या पत्रात शेवटी आला असला, तरी सगळ्यात नेमका तोच आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचंही आहे. तिथवर येण्याआधी त्या पांढऱ्या भुग्याबद्दल बोलू, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथे आहे.

सुरीने खरवडल्यावर जे निघालं ते मेणच होतं, यात शंका नाही. पण ते कुणीतरी लावलेलं होतं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. सफरचंदाचं झाड स्वतःच प्रत्येक फळावर मेणाचा थर चढवतं. फळातलं पाणी उडून जाऊ नये आणि पावसाचं पाणी, बुरशी आत शिरू नये, ही त्यामागची सोय. द्राक्षांवर किंवा जांभळांवर बोट फिरवलं की पुसली जाते ती धुरकट झाक आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. सफरचंदावरही तसाच थर असतो, फक्त जरा घट्ट. त्यातला एक मोठा घटक म्हणजे अर्सोलिक आम्ल. तेच तुळशीच्या पानांतही सापडतं. कुणीही काही न लावलेलं, थेट झाडावरून तोडलेलं सफरचंद तुम्ही धारदार सुरीने खरवडलंत, तरी असाच पांढरट भुगा निघेल. इतकंच काय, एका फळावरच्या मेणाचं वजन केलं, तर वरून लावलेल्या थरापेक्षा झाडाने दिलेलं मेण अनेकदा जास्त भरतं. म्हणून खरवडण्याच्या परीक्षेत प्रत्येक सफरचंद ‘नापास’ होणार. हे मेण कुठलं आहे, हे ती परीक्षा सांगू शकत नाही. ते ओळखायला प्रयोगशाळाच लागते.

मग मुळात झाडाचं मेण असताना वरून का लावायचं? हे समजायला सफरचंद पॅकिंगच्या कारखान्यातून कसं जातं ते पाहू. मोठ्या पॅकहाऊसमध्ये फळं आधी पाण्याच्या हौदात सोडतात. सफरचंदाच्या गरात बरीच हवा असते, त्यामुळे ती तरंगतात आणि पाण्याच्या प्रवाहाबरोबर न आपटता पुढे सरकतात. मग फिरत्या ब्रशांवर ती धुतली आणि घासली जातात. माती, पानांचे कण, बागेतल्या फवारणीचे डाग तिथे निघतात, पण त्याबरोबर झाडाने दिलेल्या मेणाचाही बराच भाग निघून जातो. अशी उघडी पडलेली फळं तशीच पाठवली, तर काही आठवड्यांत पाणी कमी होऊन साल सुरकुतते. म्हणून फळं कोरडी केल्यावर मऊ ब्रशांवरून फिरवत त्यांच्यावर मेणाच्या पातळ द्रावणाचा फवारा मारतात आणि गरम हवेच्या बोगद्यातून ती वाळवतात. शेवटी प्रतवारी, स्टिकर आणि पेटी. अमेरिकेसारख्या दूरच्या देशातून येणारं फळ आठवडेच्या आठवडे प्रवास करून आपल्यापर्यंत येतं, त्यामुळे तिथे हे सर्रास होतं. चकाकी मिळते हा व्यापाऱ्याचा फायदा आहेच, तो मी नाकारत नाही. मात्र फळ टिकवणं हाही तितकाच खरा हेतू आहे.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मेण जाड लावणं व्यापाऱ्याच्याच नुकसानीचं असतं. तोडलेलं फळसुद्धा श्वास घेत असतं. थर जाड झाला की आत प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, फळ आतल्या आत आंबायला लागतं, गराला दारूसारखा वास येतो आणि तो तपकिरी पडतो. असा माल परत येतो. त्यामुळे ‘मेणाचा जाड लेप देतात’ हे चित्र किमान व्यवस्थित पॅकहाऊसमधल्या फळाला लागू पडत नाही.

आता ते मेण कशाचं. आपल्याकडे याबाबत नियम आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०११ च्या नियमांनुसार ताज्या फळांवर मेण, खनिज तेल किंवा रंग यांचा लेप नसावा. त्याला अपवाद फक्त तीन मेणांचा: मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण आणि शेलॅक. ही तीन मेणं आवश्यक तेवढ्याच प्रमाणात लावता येतात, आणि लावली तर ‘या मेणाचा लेप दिला आहे’ असं मेणाच्या नावासह लेबलवर लिहावं लागतं. मेणबत्तीचं मेण हे पेट्रोलियमपासून मिळणारं पॅराफिन. ते या यादीत नाही.

कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडाचं मेण आहे. कडक उन्हात पानातलं पाणी उडू नये म्हणून तो ताड पानांवर मेण धरतो. पानं कापून वाळवतात, झोडपतात, मेणाची भुकटी खाली पडते, ती वितळवून गाळतात. हेच मेण गाडीच्या पॉलिशमध्ये, लिपस्टिकमध्ये आणि औषधांच्या गोळ्यांच्या आवरणातही वापरतात. व्हिडिओ बनवणाऱ्यांना यातलं ‘गाडीचं पॉलिश’ तेवढं दिसतं. एखादा पदार्थ आणखी कुठे वापरला जातो यावरून तो खाण्यालायक आहे की नाही ते ठरत नाही. किती पोटात जातो आणि पोटात त्याचं काय होतं, हे पाहावं लागतं.

तर तेच तुमच्या मुलीच्या बाबतीत पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती अन्नात घातल्या जाणाऱ्या पदार्थांच्या मर्यादा ठरवते. माणसाने आयुष्यभर रोज खाल्लं तरी अपाय होऊ नये, अशी ही मर्यादा असते. कार्नोबासाठी ती शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ७ मिलिग्रॅमपर्यंत आहे. अडीच वर्षांच्या मुलीचं वजन १२ किलो धरलं, तर तिच्यासाठी ती दिवसाला ८४ मिलिग्रॅम होते. आता फळाकडून हिशेब करू. पॅकहाऊसमध्ये ढोबळ मानाने एक टन फळाला एक लिटरच्या आसपास द्रावण लागतं. त्या लिटरमध्ये घट्ट मेण २०० ग्रॅम आहे असं सढळ हाताने धरू. एक टनात २०० ग्रॅमची ५,००० सफरचंदं बसतात. म्हणजे एका सफरचंदावर ४० मिलिग्रॅम, आणि तुमची मुलगी खाते त्या अर्ध्यावर २०. सालीसकट खाल्लं, धुतलंच नाही आणि सगळं मेण कार्नोबाच होतं असं गृहीत धरूनही ती मर्यादेच्या पावपटीच्या आतच राहते. मी मुद्दाम जास्तीत जास्त बाजूने हिशेब केला आहे.

आतड्याला चिकटण्याचं म्हणाल, तर ही मेणं आपल्याला फारशी पचत नाहीत हे खरं. पण न पचणं म्हणजे साचून राहणं नव्हे. इतक्या बारीक प्रमाणातलं मेण बाकीच्या अन्नाबरोबर पुढे सरकतं आणि बाहेर पडतं. सफरचंदाचं स्वतःचं मेणही असंच जातं, आणि ते तर माणूस सफरचंद खायला लागल्यापासून खातो आहे.

आता आजेसासूबाईंचा प्रश्न. तिसरं परवानगी असलेलं मेण म्हणजे शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली लाख: लाखेच्या बांगड्यांची, कागदावर मोहर उठवायच्या लाखेची आणि लाकडावरच्या फ्रेंच पॉलिशमधली. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे हजारोंनी बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. झारखंड आणि छत्तीसगड हे त्याचे मोठे प्रदेश. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडेही लाख होते. कवच खरवडून, धुऊन, वितळवून शुद्ध करतात. सफरचंदाला आरशासारखी चमक देण्यात शेलॅकच सगळ्यात पुढे, म्हणून एकट्याने किंवा कार्नोबात मिसळून ते खूप वापरलं जातं. आरोग्याच्या दृष्टीने त्याच तज्ज्ञ समितीने फळांवरच्या लेपासाठी ते स्वीकारलेलं आहे. पण ते किड्यापासून मिळतं आणि लाख काढताना त्यातले असंख्य किडे मरतात, ही वस्तुस्थिती आहे. ज्या मध वर्ज्य करतात त्यांना मधमाशीचं मेण आणि शेलॅक या दोन्ही गोष्टी चालणार नाहीत, असं मला वाटतं. अर्थात याचा निर्णय त्यांचा. कार्नोबा मात्र पूर्णपणे वनस्पतीचं आहे.

त्यामुळे तुमच्या घरात या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आहेत. मुलीच्या तब्येतीसाठी मेण कोणतं आहे याने फरक पडत नाही. आजेसासूबाईंच्या व्रतासाठी फक्त त्यानेच फरक पडतो. ‘धोका आहे का’ आणि ‘आपल्याला चालतं का’ हे दोन प्रश्न एकात एक गुंतल्यामुळे घरात वाद होतो आहे, असं तुमचं पत्र वाचून वाटलं. तुमचे यजमान पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. आजेसासूबाई दुसरा प्रश्न विचारत आहेत, आणि तो घाबरटपणाचा मुळीच नाही.

हातगाडीवर सुटं फळ घेताना लेबल दिसत नाही, ही अडचण मला मान्य आहे. लेबल असतं पेटीवर. तुमचा नेहमीचा फळवाला असेल तर त्याला पेटी दाखवायला सांगा. परदेशी फळाच्या खोक्यावर बाजूला बारीक अक्षरांत मेणाची नावं इंग्रजीत छापलेली सापडतात. नावाऐवजी आकडा असेल तर ९०१ म्हणजे मधमाशीचं मेण, ९०३ म्हणजे कार्नोबा आणि ९०४ म्हणजे शेलॅक. हे आकडे लक्षात ठेवा, कारण चकचकीत गोळ्या-चॉकलेटांच्या पाकिटांवरही ९०४ पुष्कळदा असतो. दोन-तीन मेणांची नावं एकत्र लिहून त्यांच्यामध्ये ‘किंवा’ घातलेलं असेल, तर व्रतापुरतं ते शेलॅक आहे असंच धरावं लागेल. पेटी पाहायला मिळालीच नाही, तर आजेसासूबाईंसाठी सोपा मार्ग म्हणजे हंगामात, साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये येणारं हिमाचल किंवा काश्मीरचं थेट बागेतून भरलेलं फळ. तिथल्या बहुतेक बागांमध्ये फळ हाताने निवडून, मेण न लावता पेटीत भरतात. त्यातही कोल्ड स्टोरेजमधून पॅकहाऊसमार्गे आलेलं फळ असू शकतं, म्हणून विचारणं सोडू नका.

याच ठिकाणी तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे यावं लागतं. न चकाकणारं फळ मेणाच्या बाबतीत तुम्हाला हवं तसं असेल, पण ते जास्त स्वच्छ असतं असं समजू नका. उलट ते पॅकहाऊसच्या ब्रशांखालून गेलेलंच नसतं. थेट बागेतून आलेल्या सफरचंदाच्या देठाच्या खळीत पांढरट-निळसर ओघळलेले डाग कधी पाहिले असतील. ती फवारणी तिथे जमून वाळलेली असते. चकचकीत फळ किमान एकदा धुतलं, घासलं गेलेलं असतं. चमक आणि स्वच्छता यांचा परस्परांशी संबंध नाही, आणि लक्ष द्यायचं ते स्वच्छतेकडे. सफरचंदाच्या बागेत बुरशीसाठी, किडीसाठी हंगामभर अनेक फवारण्या होतात. काही देशांत तोडल्यानंतरही साठवणीत कुजू नये म्हणून बुरशीनाशकाचा हात देतात, कधी कधी तो मेणाच्या द्रावणातूनच असतो. मला विचाराल तर काळजी करायची तर मेणापेक्षा याची करावी.

त्यावर एक चांगला अभ्यास आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये गाला जातीच्या सफरचंदांवर दोन औषधं लावून ती कशाने निघतात ते तपासलं: एक थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि दुसरं फॉस्मेट हे कीटकनाशक. नुसतं पाणी, ब्लीचचं पाणी आणि खाण्याचा सोडा यांची तुलना केली. सोड्याचं पाणी सगळ्यात सरस ठरलं. १२ ते १५ मिनिटं बुडवून ठेवल्यावर सालीवरचं औषध जवळजवळ निघून गेलं. मात्र थायाबेंडाझोलपैकी सुमारे २० टक्के भाग सालीच्या आत मुरलेला होता, तो धुऊन गेला नाही. फॉस्मेट आत फारसं शिरलं नव्हतं. हेही लक्षात घ्या की तिथे औषध लावून एकच दिवस झाला होता. बागेत आठवडे आधी फवारलेलं औषध आणखी खोल गेलेलं असू शकतं. तेव्हा सोडा उपयोगी आहे, पण त्याने फळ पूर्ण निर्धोक होतं असा दावा मी करणार नाही.

घरी करायचं ते असं. एक लिटर साध्या पाण्यात सपाट दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, खाण्याचा सोडा विरघळवा. सफरचंदं त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. तरंगतात, म्हणून वर एखादी ताटली ठेवा किंवा मधूनमधून उलटवा. मग हाताने किंवा भाजी धुण्याच्या मऊ ब्रशने चोळा, देठाकडची आणि बुडाकडची खळी नीट घासा आणि वाहत्या पाण्याखाली खळखळून धुवा. चिरताना त्या दोन्ही खळ्या थोड्या खोल कोरून टाका, कारण सगळी घाण आणि फवारणी तिथेच अडकते. धुणं खाण्याच्या आधी करा. धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेलं फळ ओलसर राहून लवकर खराब होतं. पंधरा मिनिटं नसतील, तर वाहत्या पाण्याखाली चांगलं चोळून धुणंही काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. भांड्यांचा साबण वापरू नका. फळाच्या सालीत बारीक छिद्रं असतात, साबण त्यात राहतो आणि पोटात जातो. व्हिनेगर मेण विरघळवत नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे घालवायची गरज नाही.

उकळत्या पाण्याला मी सुरुवातीलाच नको म्हणाले त्याचं कारण आता पटेल. कार्नोबा ८० अंशांच्या वर वितळतं. उकळतं पाणी ओतलं की ते थोडं वितळतं, पसरतं आणि थंड होताच पुन्हा सालीवरच बसतं, म्हणजे निघत तर नाहीच. शेलॅकवर गरम पाणी पडलं की ते पांढरं होतं. व्हिडिओत ‘बघा, केमिकल बाहेर आलं’ म्हणून दाखवतात तो पांढरेपणा बहुधा हाच. फ्रिजमधून काढलेल्या फळावर दव धरलं तरी कधी कधी तसे पांढरे ठिपके येतात, त्याने फळ बिघडलेलं नसतं. आणि उकळत्या पाण्याने साल अर्धवट शिजते, चव जाते, ते वेगळंच.

सालीचा निर्णय मुलीसाठी आणि मोठ्यांसाठी वेगळा घ्या. साल काढली की मेण आणि सालीत मुरलेलं औषध दोन्ही जातात. पण त्याबरोबर बराचसा चोथा आणि क्वर्सेटिनसारखी उपयुक्त द्रव्यंही जातात, कारण सफरचंदात ती मुख्यतः सालीतच असतात. मोठ्यांनी सोड्याने धुऊन सालीसकट खावं, असं माझं मत आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र साल काढणं योग्यच आहे, आणि त्याचं कारण मेण नाही. अडीच वर्षांच्या मुलाला कच्च्या सफरचंदाची कडक फोड नीट चावता येत नाही. ती घशात अडकून श्वास कोंडण्याचा धोका खरा आहे, आणि मेणाच्या कुठल्याही धोक्यापेक्षा तो कितीतरी मोठा आहे. जाड फोडी देत असाल तर बंद करा. किसून द्या, अगदी पातळ काप करून द्या किंवा वाफवून मऊ करून द्या. ती खात असताना शेजारी बसा, पळता-खेळता तिच्या हातात फोड देऊ नका. चार वर्षांची होईपर्यंत हे पाळा.

आणखी एका गोष्टीबद्दल इतर वाचकही विचारतात, म्हणून इथेच सांगते. घट्ट मेण पाण्यात मिसळायला द्रावणात एखादा अल्कधर्मी पदार्थ लागतो. काही ठिकाणी अमोनिया वापरतात, तर काही ठिकाणी मॉर्फोलिन नावाचं रसायन. मॉर्फोलिनला युरोपीय संघात परवानगी नाही, अमेरिका आणि कॅनडात आहे. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये चिलीहून आलेल्या सफरचंदांवर ते सापडलं, तेव्हा बराच गाजावाजा झाला होता. शंका अशी की पोटात नायट्राइटशी त्याचा संयोग झाला तर प्राण्यांमध्ये कर्करोग घडवणारा एक पदार्थ तयार होऊ शकतो. कॅनडाच्या आरोग्य विभागाने सफरचंदावरच्या प्रमाणाचा अभ्यास करून त्यापासून धोका नाही असा निष्कर्ष काढला. दोन देश एकाच पदार्थाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, असं इथे घडलं आहे. ज्यांना यात जोखीम घ्यायचीच नाही त्यांनी हंगामातलं आपल्याकडचं फळ घ्यावं, एवढं मी म्हणेन; पण खाल्लेल्या सफरचंदाबद्दल रात्री झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

राहिला बेकायदेशीर प्रकार. विक्रेत्याने फळ ताजं दिसावं म्हणून तेल किंवा भलतंच काही चोळलं असेल, तर ते घरी थोडंफार ओळखता येतं, आणि त्यासाठी सुरीपेक्षा कोरडा पांढरा कपडा बरा. फळ न धुता त्यावर जोरात घासा. परवानगीचं मेण वाळून घट्ट झालेलं असतं, ते कपड्यावर फारसं येत नाही. कपड्यावर तेलकट डाग पडला, लाल रंग उतरला किंवा रॉकेलसारखा वास आला, तर ते फळ खाऊ नका. यात एक अपवाद लक्षात ठेवा. ग्रॅनी स्मिथसारख्या हिरव्या जाती बरेच दिवस साठवल्या की त्यांचं स्वतःचंच मेण बदलून साल बोटांना तुपकट लागते. ती भेसळ नव्हे, फळ जुनं झाल्याची खूण आहे. असं फळ गराला बहुधा भुसभुशीत निघतं, म्हणून घेताना टाळा. रंग उतरणारं किंवा वास येणारं फळ मिळालं, तर न धुता पिशवीसकट ठेवा, कुठून कधी घेतलं ते लिहून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्या. नमुना त्यांच्याकडे गेला तरच तो प्रयोगशाळेत तपासला जाईल आणि ते मेण पॅराफिन होतं की लाख, हे नक्की कळेल.